गिव्हअवेची पोस्ट: नियम, मुदत आणि कोणालाही पडताळता येईल अशी सोडत

प्रश्न: मी ठाण्यात पाचपाखाडीला घरून दिवाळीचा फराळ करून विकते. गेल्या वर्षी इन्स्टाग्रामवर गिव्हअवे ठेवला होता. पेज फॉलो करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, स्टोरी शेअर करा आणि एका लकी विनरला फराळाचा डबा, असा तो होता. नाव जाहीर केल्यावर दोघी-तिघींनी खाली लिहिलं की ओळखीतल्याच बाईला दिला. मी खरंच चिठ्ठी काढली होती. यंदा नियम, मुदत आणि निवड कशी लिहू, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही?

उत्तर: तुम्ही चिठ्ठी प्रामाणिकपणे काढली असेलच, पण वाटीत कोणाकोणाच्या चिठ्ठ्या होत्या आणि चिठ्ठी एकदाच काढली की पाच वेळा, हे तुमच्याशिवाय कोणालाही पाहता आले नाही. तक्रारीचे मूळ तेथे आहे. म्हणून यंदा तीन गोष्टी ठरवून घ्या. बाहेरच्या माणसाला तपासता येईल तेवढीच अट घालायची, सहभागी झालेल्यांची क्रमांकित यादी निकालाआधी जाहीर करायची आणि विजेता अशा आकड्यावरून ठरवायचा, जो यादी जाहीर होताना तुम्हालाही माहीत नसेल. ठाणेकरांना यात नवे काही नाही. म्हाडाच्या कोकण मंडळाची घरांची सोडत निघते तेव्हा आधी स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी लागते, हरकतींना मुदत मिळते, मग अंतिम यादी, मग सोडत आणि शेवटी प्रतीक्षा यादी असा क्रम असतो. फराळाच्या डब्यासाठी तोच क्रम चार दिवसांत बसवता येतो.

आधी अटींचे पाहू, कारण गेल्या वर्षीच्या तिन्ही अटींमध्ये काही ना काही अडचण होती. स्टोरी चोवीस तासांनी निघून जाते आणि खासगी खात्यावरची स्टोरी त्या व्यक्तीने तुम्हाला फॉलोअर म्हणून स्वीकारले नसेल तर तुम्हाला दिसतच नाही. म्हणजे ती अट कोणी पाळली आणि कोणी नाही याची नोंद तुमच्याकडे उरत नाही. तीन मैत्रिणींना टॅग करण्याची अट दिसायला सोपी असते, परंतु एखादीने त्याच तिघींना पुन्हा टॅग केले, एखादीने नटनट्यांची खाती लिहिली किंवा एखादीने वीस कमेंट टाकल्या, तर त्यांचे काय करायचे हे तुम्ही कुठेच सांगितलेले नसते आणि मग तो निर्णय निकालाच्या दिवशी घ्यावा लागतो. फेसबुकच्या पेजसाठीच्या नियमांत तर स्पर्धेत भाग घेण्यासाठी मित्रांना टॅग करायला किंवा स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करायला लावणे सरळ निषिद्ध आहे. इन्स्टाग्रामचा नियम तेवढा कडक नाही, पण चुकीचे टॅग करायला लोकांना उद्युक्त करू नये असे तोही सांगतो. फॉलोची अट ठेवायची असेल तर ठेवा, मात्र ती फक्त विजेत्याच्या बाबतीत तपासली जाईल असे लिहा. दीडशे जणींची नावे फॉलोअरच्या यादीत एकेक करून शोधणे तुमच्याने होणार नाही आणि अर्धवट तपासलेली अट न घातलेल्या अटीपेक्षा वाईट असते.

माझा सल्ला असा की, सहभागाची कृती एकच ठेवावी: या पोस्टखाली एका प्रश्नाचे उत्तर कमेंटमध्ये लिहायचे. प्रश्न असा निवडा की त्याचे उत्तर तुमच्या धंद्याला उपयोगी पडेल, उदाहरणार्थ, "तुमच्या घरी दिवाळीत सगळ्यात आधी कोणता पदार्थ संपतो?" दीडशे घरांत चकली आधी संपते की ओल्या नारळाच्या करंज्या, हे ऑर्डर घ्यायच्या आत कळणे हा या सगळ्या खटाटोपातला खरा फायदा आहे असे मला वाटते. फॉलोअर वाढणे त्यानंतर येते. शिवाय उत्तरात पदार्थाचे नाव असणे ही अट कोणालाही वाचून तपासता येते. एका खात्याची एकच संधी, कमेंट कितीही असोत, हे स्पष्ट लिहा.

एक गोष्ट मात्र टाळा. "सर्वांत छान उत्तराला बक्षीस" आणि "लकी विनर" यांची सरमिसळ करू नका. छान कोणते हे ठरवायचे असेल तर परीक्षक, निकष आणि गुण लागतात. सोडत काढायची असेल तर उत्तर चांगले की साधे याचा निवडीशी संबंध राहत नाही. दोन्ही एकत्र लिहिले की तुम्ही मनाप्रमाणे निवडले असाच अर्थ लोक काढतात आणि त्यात त्यांचे फारसे चुकत नाही.

आता ओळखीच्या लोकांविषयी. पाचपाखाडी, नौपाडा, चरई येथे घरगुती फराळ विकणाऱ्या व्यक्तीचे निम्मे फॉलोअर शेजारचे, शाळेतल्या पालकांच्या ग्रुपमधले किंवा जुने ग्राहक असतात, त्यामुळे विजेती ओळखीची निघण्याची शक्यता मुळातच मोठी आहे. ती लपवण्यापेक्षा आधीच लिहून टाका की तुमचे कुटुंबीय आणि कामात मदत करणाऱ्या महिला भाग घेऊ शकत नाहीत, ओळखीच्या व्यक्ती व जुने ग्राहक घेऊ शकतात. हे वाक्य निकालानंतर लिहिले तर सारवासारव वाटते, आधी लिहिले तर नियम असतो.

मुदतीत सर्वाधिक घोळ वेळेवरून होतो. "रविवारी रात्री बारापर्यंत" असे लिहिले की काही जणी शनिवार-रविवारमधली रात्र धरतात आणि काही रविवार-सोमवारमधली. त्यापेक्षा "रविवार, १८ ऑक्टोबर २०२६, रात्री ९ वाजेपर्यंत" असे वार, तारीख, वर्ष आणि घड्याळाची वेळ घालून लिहा. नऊच का, तर त्या वेळी तुम्ही जाग्या आणि हातात फोन घेऊन बसलेल्या असाल. इन्स्टाग्राम कमेंटखाली नेमकी वेळ न दाखवता "१४ तास", "२ दिवस" अशी गेलेली वेळ दाखवते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिले तर ८:५८ ची कमेंट कोणती आणि ९:०४ ची कोणती हे सांगता येत नाही. यावर सोपा उपाय आहे. बरोबर ९ वाजता तुमच्याच खात्यावरून "मुदत संपली. यानंतरच्या कमेंट सोडतीत धरल्या जाणार नाहीत" अशी कमेंट टाका. नवीन कमेंट आधी दिसतील असा क्रम लावला की तुमच्या त्या ओळीच्या वरचे सारे उशिराचे आणि खालचे सारे वेळेतले, आणि ही सीमारेषा सगळ्यांना दिसते. लगेच फोनचे स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू करून कमेंट वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवत नोंदवून घ्या, कारण नंतर कोणी कमेंट पुसली किंवा खाते बंद केले तर तुमच्याकडे मूळ स्थिती राहायला हवी.

सहा-सात दिवसांची मुदत पुरते. पंधरा दिवसांचा गिव्हअवे मधल्या आठवड्यात विसरला जातो आणि फराळाच्या बाबतीत तर ऑर्डरच्या घाईत तुम्हालाच तो नकोसा होतो. दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असेल तर ऑक्टोबरच्या मध्यावर सोडत आटोपून महिनाअखेरीस डबा पोहोचवणे सोयीचे.

पोस्टचा मजकूर मी असा लिहीन. तो जसाच्या तसा घ्या असे नाही, पण यातला एकही मुद्दा गाळू नका.

> फराळाच्या डब्याची सोडत. मुदत: रविवार, १८ ऑक्टोबर २०२६, रात्री ९ वाजेपर्यंत.
>
> बक्षीस: एका व्यक्तीला आमच्या फराळाचा एक डबा (चकली, चिवडा, ओल्या नारळाच्या करंज्या, शंकरपाळे, बेसन लाडू, विक्री किंमत १,८०० रुपये). बक्षिसाऐवजी रोख रक्कम मिळणार नाही.
>
> भाग कसा घ्यायचा: "तुमच्या घरी दिवाळीत सगळ्यात आधी कोणता पदार्थ संपतो?" याचे उत्तर पदार्थाच्या नावासह याच पोस्टखाली कमेंटमध्ये लिहा. काहीही विकत घेण्याची गरज नाही. एका खात्याची एकच नोंद धरली जाईल.
>
> कोण भाग घेऊ शकते: १८ वर्षे पूर्ण झालेली आणि ठाणे शहर किंवा नवी मुंबईत (ऐरोली ते बेलापूर) डबा घेऊ शकणारी कोणतीही व्यक्ती. खाते १२ ऑक्टोबरपूर्वी उघडलेले असावे. माझे कुटुंबीय आणि कामातील सहकारी भाग घेऊ शकत नाहीत. ओळखीच्या व्यक्ती व ग्राहक घेऊ शकतात.
>
> निवड: सोमवारी, १९ तारखेला पात्र खात्यांची क्रमांकित यादी येथे लावू. मंगळवारी रात्री ९ पर्यंत हरकती घेऊ. बुधवारी अंतिम यादी लागेल आणि त्यानंतर ती बदलणार नाही. गुरुवारी, २२ तारखेला बंद होणाऱ्या सेन्सेक्सच्या आकड्यावरून विजेता आणि निफ्टी ५० च्या आकड्यावरून राखीव विजेता ठरेल. पद्धत दुसऱ्या चित्रात दिली आहे. त्या दिवशी बाजार बंद असल्यास पुढच्या कामकाजाच्या दिवसाचे आकडे धरू.
>
> निकाल: गुरुवारी रात्री ९ वाजता याच खात्यावर. विजेत्याने शनिवारी रात्री ९ पर्यंत संदेशाला उत्तर द्यावे, अन्यथा डबा राखीव विजेत्याला दिला जाईल. डबा ३१ ऑक्टोबरपर्यंत घरपोच, विनाशुल्क.
>
> आम्ही कोणाकडूनही पैसे, ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणार नाही. ही सोडत इन्स्टाग्रामने प्रायोजित, पुरस्कृत किंवा आयोजित केलेली नाही आणि भाग घेणारी व्यक्ती इन्स्टाग्रामला या सोडतीच्या सर्व जबाबदारीतून मुक्त करते.

शेवटचे वाक्य रुक्ष आहे, पण इन्स्टाग्रामच्या अटींनुसार ते आवश्यक आहे. बाकी दोन गोष्टी मजकुराच्या मांडणीविषयी. कॅप्शनला २,२०० अक्षरांची मर्यादा असते आणि पहिली ओळ-दीड ओळ सोडली तर उरलेला मजकूर घडीत जातो, म्हणून मुदत पहिल्याच ओळीत आणि चित्रावरही हवी. पोस्ट टाकल्यानंतर कॅप्शन बदलू नका. बदल केल्याची खूण तेथे दिसते आणि नक्की काय बदलले हे मात्र दिसत नाही, त्यामुळे शंकेला वाव मिळतो. एखादी दुरुस्ती करावीच लागली तर ती तारखेसह कमेंटमध्ये लिहा आणि ती कमेंट वर पिन करा. पोस्ट फेसबुकवरही टाकण्याचा मोह होईल, पण दोन ठिकाणच्या कमेंट एकत्र करताना एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी ओळखता येत नाहीत. सोसायटीच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसती लिंक द्यावी आणि कमेंट एकाच जागी याव्यात.

यादी कशी करायची ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण साधारण असेच पडते. समजा मुदतीनंतर पोस्टखाली २४३ कमेंट दिसतात. त्यांतल्या ३८ तुमची स्वतःची उत्तरे आहेत, ती वजा केली की २०५ उरतात. तुमच्या सीमारेषेनंतरच्या ६ काढल्या की १९९. आता आधी नियमात न बसणाऱ्या कमेंट काढायच्या: नुसते हृदयाचे चिन्ह, "मला हवाय", "वाह ताई" अशा १० कमेंटमध्ये पदार्थाचे नाव नाही, म्हणून उरल्या १८९. त्यानंतरच पुनरावृत्ती काढायची. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एखादीने आधी नुसते हृदय टाकले आणि मग "अनारसे" असे लिहिले, तर तिची दुसरी कमेंट पात्र आहे आणि पहिलीच नोंद धरून बसलात तर ती विनाकारण बाद होईल. १८९ पैकी ४१ पुनरावृत्ती निघाल्या की १४८ खाती राहतात, आणि तुमची नणंद व मदतनीस बाई अशी दोन खाती वगळली की प्रारूप यादीत १४६ नावे येतात.

खात्यांची नावे गूगल शीटच्या पहिल्या रकान्यात एकाखाली एक भरली की पुनरावृत्ती काढणे आणि क्रम लावणे एका ओळीत होते:

```
=SORT(UNIQUE(A2:A190))
```

हे सूत्र जो क्रम देईल तो नुसत्या मजकुराच्या रूपात शेजारच्या रकान्यात चिकटवा, त्यातून वगळायची दोन खाती काढा आणि मग १ पासून क्रमांक द्या. पहिल्या रकान्यात काही हलले तर सूत्राची यादीही हलते, म्हणून हे चिकटवणे आवश्यक आहे. नावे वर्णक्रमाने लावण्याचे कारण एवढेच की क्रम तुम्ही ठरवला नाही हे दिसावे. खालची रेघ आणि टिंब असलेली नावे वेगवेगळ्या ठिकाणी थोडी पुढेमागे लागतात, पण एकदा यादी जाहीर झाली की क्रमांक तेच राहतात, मग त्याने फरक पडत नाही. यादीचे स्क्रीनशॉट नवीन पोस्ट म्हणून लावा. ही खाती उघड कमेंट करूनच आलेली आहेत, त्यामुळे खात्याचे नाव जाहीर करण्यात अडचण नाही. फोन नंबर, पत्ता, सोसायटीचे नाव मात्र यादीत कुठेही येऊ देऊ नका.

हरकतींचा एक दिवस कित्येकांना फापटपसारा वाटतो, पण इन्स्टाग्राम काही कमेंट आपोआप लपवते, विशेषतः एकाच चिन्हाची रांग असलेल्या किंवा त्याला निरर्थक वाटलेल्या. त्या तुमच्या पोस्टच्या सगळ्यात खाली लपवलेल्या कमेंटच्या वेगळ्या कप्प्यात असतात आणि तो कप्पा मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाही. समजा मंगळवारी एकीचा संदेश येतो, "मी शुक्रवारीच 'कडबोळी' लिहिलं होतं, माझं नाव यादीत नाही." तो कप्पा उघडल्यावर आठ फटाक्यांच्या चिन्हांसह तिची कमेंट सापडते. नाव वाढवायचे, अंतिम यादी १४७ ची करायची, पुन्हा वर्णक्रम लावून क्रमांक द्यायचे आणि "एक नाव वाढले, कारण अमुक" असे एक वाक्य यादीखाली लिहायचे. खरे तर तो कप्पा सोमवारीच तपासावा, पण हरकतीची खिडकी उघडी असली की राहिलेली चूक निकालाच्या आधी निस्तरते.

आता सोडतीचा आकडा. नुसता चिठ्ठी काढण्याचा व्हिडिओ का पुरत नाही, याचे कारण असे की रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून तो कितवा प्रयत्न आहे हे समजत नाही. चक्र फिरवणाऱ्या ॲपचेही तेच, आणि शीटमधल्या आकडा काढणाऱ्या सूत्राचे तर जास्तच, कारण कुठलाही खण बदलला की ते नवा आकडा देते. मनाजोगते नाव येईपर्यंत कोणी फिरवत बसले नाही याचा पुरावा त्यांच्यात नसतो. कमेंटमधून विजेता काढून देणाऱ्या काही वेबसाइट तुमच्या खात्याचा प्रवेश मागतात, आणि फराळाच्या एका डब्यासाठी तो देणे मला पटत नाही. पन्नासच्या आत नावे असतील आणि तुम्ही ठरलेल्या वेळी थेट प्रक्षेपण करणार असाल, तर चिठ्ठ्या आजही उत्तम. एकसारखे कागद, एकसारखी घडी, प्रत्येक नाव कॅमेऱ्याला दाखवून डब्यात टाकणे, डबा झाकण लावून हलवणे आणि सोसायटीतल्या एखाद्या लहान मुलाकडून चिठ्ठी काढवणे एवढे पाळावे. दीडशे चिठ्ठ्यांचे हे सव्यापसव्य पाहायला मात्र कोणी थांबत नाही.

म्हणून बाहेरचा आकडा. सेन्सेक्सचा बंद आकडा रोज संध्याकाळी bseindia.com वर आणि निफ्टीचा nseindia.com वर कोणालाही दिसतो, तो तुमच्या हातात नाही आणि बुधवारी अंतिम यादी लावताना तो जगात कोणालाच ठाऊक नसतो. पद्धत अशी लिहावी: बंद आकडा दशांशानंतरच्या दोन्ही अंकांसह घ्यायचा, मधला बिंदू आणि स्वल्पविराम काढून टाकायचे, आलेल्या संख्येला यादीतील एकूण नावांनी भागायचे आणि बाकीत एक मिळवायचा. येईल तो क्रमांक विजेता. समजा सेन्सेक्स ८१,६४३.५७ वर बंद झाला. संख्या झाली ८१६४३५७. तिला १४७ ने भागले की बाकी उरते १२४, त्यात एक मिळवला की १२५. यादीतील १२५ क्रमांकाचे खाते विजेते. शीटमध्ये:

```
=MOD(8164357,147)+1
```

एक का मिळवायचा, तर बाकी शून्यापासून १४६ पर्यंत येते आणि आपली यादी एकपासून सुरू होते. समजा निफ्टी २५,०१८.६५ वर बंद झाला, तर २५०१८६५ ला १४७ ने भागून बाकी ७२ येते, म्हणजे राखीव विजेती ७३ क्रमांकावर. दोन्ही वेळा एकच क्रमांक आला तर यादीतला पुढचा क्रमांक राखीव धरायचा, हेही पद्धतीच्या चित्रावर लिहा. आकडा ८१,६४३.५ असा दिसला तर तो ८१६४३५० धरायचा की ८१६४३५, यावर वाद नको, म्हणून दशांशानंतर नेहमी दोन अंक असे आधीच म्हणायचे.

गणित जाणणारी एखादी विचारील की यात सगळ्यांना सारखी संधी आहे का. बाजार दिवसभरात चारशे अंकांच्या पट्ट्यात कुठेही बंद होऊ शकतो असे धरले, तर पैशांच्या हिशेबात ते चाळीस हजार वेगवेगळे आकडे होतात आणि १४७ चे चक्र त्यांत अडीचशेहून अधिक वेळा फिरते. एखाद्या क्रमांकाला चुकून एक संधी जास्त मिळाली तरी तो फरक नगण्य आहे. याउलट यादीतल्या एका नावाचा फरक मात्र सारे पालटतो. वरच्याच आकड्याला १४७ ऐवजी १४६ ने भागले तर बाकी ३७ येते आणि विजेती १२५ ऐवजी ३८ क्रमांकाची ठरते. गुरुवारी संध्याकाळी आकडा समोर असताना "अरे, हे एक नाव अपात्र होते" असे म्हणून यादी बदलणाऱ्याला विजेता बदलण्याची मुभा मिळते, आणि लोकांना शंका नेमकी त्याच मुभेची असते. त्यामुळे अंतिम यादीनंतर कोणी अपात्र असल्याचे कळले तरी नाव यादीतच राहू द्यावे. तोच क्रमांक निघाला तर बक्षीस राखीव विजेत्याकडे जाते, बाकीच्यांचे क्रमांक हलत नाहीत.

विजेत्याची पात्रता निकाल लागल्यावर तपासायची: फॉलोची अट ठेवली असल्यास ती, पत्ता ठरलेल्या हद्दीत आहे का, आणि खाते केव्हा उघडले. खात्याच्या माहितीच्या पानावर ते उघडल्याचा महिना व वर्ष दिसते. त्यावरून निदान या महिन्यात उघडलेली खाती लगेच ओळखू येतात आणि तेवढ्यांनाच तारीख विचारावी. गिव्हअवेंवरच जगणारी खाती, म्हणजे ज्यांच्या भिंतीवर दुसरे काहीच नसते, तीही नियमात बसत असतील तर त्यांना नाकारू नका. ती नको असतील तर तसा नियम आधी लिहायला हवा, आणि माझ्या मते डबा घरपोच असल्याने पत्त्याच्या अटीतच त्यांतली बरीचशी गळतात.

निकालाच्या पोस्टमध्ये बंद आकड्याचा स्क्रीनशॉट, भागाकार, क्रमांक आणि खात्याचे नाव एवढे पुरे. निकाल जाहीर करणे ही केवळ सौजन्याची बाब नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात मोफत भेटी वा बक्षिसांची योजना संपल्यावर तिचा अंतिम निकाल सहभागींपासून दडवणे याचा समावेश आहे. त्याच व्याख्येत विक्री किंवा व्यवसाय वाढवण्यासाठी घेतलेल्या स्पर्धा, सोडती आणि नशिबाचे खेळ यांचाही उल्लेख आहे आणि तो शब्दशः बराच व्यापक आहे. मी वकील नाही, पण यातून दोन गोष्टी नक्की पाळाव्यात असे सांगेन. "पाचशेची ऑर्डर द्या आणि सोडतीत नाव घाला" असे कधीही करू नये, कारण १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्यातही तिकीट विकत घेऊन नशीब आजमावणे हाच लॉटरीचा गाभा आहे आणि ऑर्डरची पावती तिकिटासारखी दिसू लागते. आणि बक्षीस मोठे, म्हणजे फोन, स्कूटर, सोन्याचे नाणे अशा स्वरूपाचे करायचे मनात आले, तर आधी वकिलाला मजकूर दाखवावा. १०,००० रुपयांच्या वरच्या बक्षिसावर ३० टक्के दराने उद्गम कराचा, म्हणजे टीडीएसचा, प्रश्नही उभा राहतो आणि बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर तो कर भरला गेल्याची खात्री करूनच वस्तू द्यावी लागते. तुमच्या १,८०० रुपयांच्या डब्याला तो लागू होत नाही.

निकालाच्या आसपासच्या दोन दिवसांत एका गोष्टीवर डोळा ठेवा. तुमच्या खात्याचे चित्र आणि एखाद्या अक्षराचा किंवा रेघेचा फरक असलेले नाव घेऊन बनावट खाते उघडले जाते आणि ज्या ज्या बायकांनी कमेंट केली त्यांना "अभिनंदन, तुम्ही जिंकलात, डिलिव्हरीचे ९९ रुपये या क्यूआरवर पाठवा" असे संदेश जातात. गिव्हअवेच्या कमेंटची यादी म्हणजे अशा ठगांसाठी तयार नावनिशी असते. पोस्टमधले "पैसे, ओटीपी मागणार नाही" हे वाक्य त्यासाठीच आहे. शिवाय मुदत संपल्याच्या कमेंटमध्येच लिहा की विजेत्याला संदेश फक्त गुरुवारी ९ नंतर आणि फक्त याच खात्यावरून जाईल. बनावट खाते दिसले की त्याची इन्स्टाग्रामकडे तक्रार करा, स्टोरीवर त्याचा स्क्रीनशॉट टाका, आणि कोणाचे पैसे गेले असतील तर तिला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, कारण पैसे पुढे सरकण्याआधी थांबवायचे असतील तर तासाभराचा उशीरही नडतो.

विजेतीने शनिवारी ९ पर्यंत उत्तर दिले नाही, तर तुमचा संदेश कधीकधी तिच्याकडे अनोळखी संदेशांच्या कप्प्यात पडलेला असतो. त्यामुळे निकालाच्या पोस्टमध्ये तिला टॅगही करावे, म्हणजे कळवले नाही असे म्हणता येणार नाही. मुदत उलटली की राखीव विजेतीला कळवा आणि तसे जाहीर करा. नंतर पहिलीने कितीही गळ घातली तरी डबा दुसरीचाच. पहिलीची समजूत काढण्यासाठी तिला हवे तर ऑर्डरवर सवलत द्या, पण ती सोडतीबाहेर. पत्ता आणि फोन नंबर फक्त जिला डबा जाणार तिच्याकडूनच, खासगी संदेशात घ्या आणि डबा पोहोचल्यावर पुसून टाका. कमेंटचे रेकॉर्डिंग, दोन्ही याद्या आणि आकड्यांचे स्क्रीनशॉट मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत जपून ठेवा.